पुढच्या ब्रेकचा रिकॉल आणि माझी जुनी घेतलेली गाडी

कंपनीचा मेसेज माझ्या मोबाइलवर आलाच नाही. तो आला अमरावतीच्या भाऊंना, ज्यांच्याकडून मी ही एकशे पंचवीस सीसीची गाडी घेतली. आरसी माझ्या नावावर झाली, पण कंपनीच्या दप्तरात मोबाइल नंबर मात्र पहिल्या मालकाचाच होता. भाऊ भले माणूस. त्यांनी मेसेज व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, "तुमच्या गाडीचं काहीतरी आहे, पाहून घ्या."

मेसेज इंग्रजीत होता. अर्थ एवढाच, की ठराविक काळात बनलेल्या काही गाड्यांमध्ये पुढच्या डिस्क ब्रेकच्या मास्टर सिलेंडरमध्ये दोष असू शकतो, ब्रेक पूर्ण न सुटण्याची शक्यता आहे, खबरदारी म्हणून तो भाग मोफत बदलून दिला जाईल, जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा. त्यात 'ऐच्छिक' अशा अर्थाचा एक शब्द होता. आमच्या गावात ज्यानं ज्यानं तो वाचला त्याला वाटलं की काम करून घेणं न घेणं आपल्या मर्जीवर आहे. तसं नाही. ऐच्छिक म्हणजे सरकारनं हुकूम काढायच्या आधी कंपनीनं स्वतःहून गाड्या परत बोलावल्या. दोष तितकाच खरा असतो. 'खबरदारी' या शब्दानंही माणूस सैल पडतो, आणि इथे तर गोष्ट पुढच्या ब्रेकची होती. मी रोज पहाटे दुधाच्या दोन कॅन बांधून डेअरीवर जातो, त्यामुळे तो मेसेज मी बाजूला सारू शकलो नाही.

शिवाय माझ्या गाडीला काही दिवसांपासून एक लक्षण होतंच. डेअरीच्या वाटेवर पाच-सात किलोमीटर झाले की पुढचं चाक ओढल्यासारखं व्हायचं, ब्रेकचा लिव्हर कडक लागायचा, त्याची मोकळी चाल जवळजवळ संपायची. डेअरीवर दूध मोजून होईपर्यंत गाडी उभी राहिली की परत येताना सगळं ठीक. गावातल्या मेकॅनिककडे नेली की दोष दिसतच नसे. मेसेज दाखवल्यावर तो म्हणाला, "आता समजलं. थंडी झाली का सुटून राह्यली हे. थे माह्यापाशी येईस्तोवर मोकळी होते, म्हणून सापडे नाही."

त्यानं जे समजावून सांगितलं ते इथे नीट लिहितो, कारण नोटिशीत एका ओळीत दिलेला दोष कळला की पुढचं सगळं बोलणं सोपं जातं. लिव्हरजवळ हँडलवर जी तेलाची छोटी डबी असते तिच्या खाली मास्टर सिलेंडर असतो. लिव्हर दाबला की त्यातला पिस्टन पुढे सरकतो, तेल पाइपमधून खाली कॅलिपरमध्ये जातं आणि पॅड डिस्कला चिकटतात. लिव्हर सोडला की स्प्रिंग पिस्टनला मागे ढकलते आणि एक अगदी बारीक छिद्र उघडं होतं. त्या छिद्रातून दाब डबीत परत निघून जातो. पिस्टन पूर्ण मागे आला नाही, किंवा ठिबकच्या नळीचं छिद्र क्षारानं बुजावं तसं ते छिद्र बुजलं, तर तेल खालीच अडकतं. पॅड डिस्कला किंचित घासत राहतात, डिस्क तापते, तेल तापून फुगतं, त्याला परत जायला वाट नसते म्हणून ते पॅडला आणखी दाबतं. दोष असा चालता चालता वाढत जातो, आणि शेवटी चाक जाम होऊ शकतं. गाडी थांबली, तेल थंड झालं, की दाब उतरतो.

पण चाक ओढण्याचं हेच एकमेव कारण नसतं. आमच्याकडे काळ्या मातीचा चिखल कॅलिपरमध्ये बसतो, पिना गंजतात आणि कॅलिपर अडकतो. त्याचा रिकॉलशी संबंध नाही, आणि ते काम मोफत होणार नाही. दोन्हीतला फरक मेकॅनिकनं गाडी तापवून दाखवला. मला लिव्हर वापरत पाच-सहा किलोमीटर चालवायला लावली, आल्या आल्या मेन स्टँडवर लावली, मागून सीटवर जोर देऊन पुढचं चाक उचललं आणि हातानं फिरवलं. फिरेना. मग त्यानं डिस्कवर पाण्याचे दोन थेंब टाकले, ते चर्र करून उडाले. डिस्कला हात लावू नका, कातडी निघते. त्यानंतर त्यानं कॅलिपरवरचा एअर काढायचा निप्पल किंचित सैल केला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक लगेच मोकळं झालं. म्हणजे दाब वर अडकला होता, बोट मास्टर सिलेंडरकडे किंवा पाइपकडे जात होतं. निप्पल उघडूनही चाक अडकलेलं राहिलं असतं तर दोष कॅलिपरमध्ये, असं त्याचं सांगणं. ही तपासणी जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावी, कारण निप्पल उघडला की हवा आत जाऊ शकते आणि मग ब्रेक लागतच नाही.

पुढचं पाऊल चेसिस नंबरचं. रिकॉल मॉडेलच्या नावावर लागू होत नाही. पार्ट पुरवणाऱ्या कारखान्यातली एखादी खेप बिघडलेली असते आणि ती खेप ज्या गाड्यांना बसली त्यांचे चेसिस नंबर कंपनीकडे असतात. माझ्या शेजाऱ्याची तीच गाडी, तोच रंग, कंपनीतून निघाल्याचा महिनाही तोच, पण त्याची गाडी यादीत नव्हती. गाडी कधी विकत घेतली यालाही अर्थ नसतो, ती कधी बनली ते पाहतात. पोळ्याच्या सुमारास बनलेली गाडी शोरूममध्ये उभी राहून दिवाळीनंतर विकली गेलेली असू शकते. आरसीवर बनावटीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते पाहावं.

जाहीर झालेल्या रिकॉलमध्येही हे स्पष्ट दिसतं. रॉयल एनफिल्डनं मे २०२१ मध्ये इग्निशन कॉइलसाठी २ लाख ३६ हजार ९६६ गाड्या बोलावल्या, त्या डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात बनलेल्या. त्यातल्या दहा टक्क्यांपेक्षाही कमी गाड्यांचा पार्ट बदलावा लागेल असा कंपनीचा अंदाज होता, म्हणजे बाकीच्या फक्त तपासून परत जाणार. यामाहानं फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रेक लिव्हरसाठी फॅसिनो आणि रे झेडआर या १२५ सीसीच्या हायब्रिड स्कूटर बोलावल्या, सुमारे तीन लाख, आणि मालकांना वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून बघायला सांगितलं. सर्व्हिस सेंटरवाला गाडी बघून "काही नाही, ठीक आहे" म्हणाला तर लगेच चिडू नये. काही रिकॉलमध्ये तपासणी हेच काम असतं. पण ती तपासणी कागदावर आलीच पाहिजे, त्याबद्दल पुढे सांगतो.

चेसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो. आरसीवर असतोच. पण वेबसाइटवर टाकण्याआधी मी तो गाडीवरही पाहिला, कारण जुन्या गाडीत दोन्ही जुळतात का हे माहीत असलेलं बरं. माझ्या गाडीत तो हँडलच्या खाली, फ्रेमच्या मानेवर उजव्या बाजूला कोरलेला आहे. रॉकेलच्या बोळ्यानं चिखल आणि ग्रीस पुसलं, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला, तेव्हा अक्षरं उमटली. वाचताना शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि इंग्रजी आय यांत हमखास गफलत होते. या नंबरात इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं वापरतच नाहीत. तसं दिसलं तर ते एक किंवा शून्य समजायचं. एवढं माहीत असलं तर 'नंबर चुकीचा आहे' असं उत्तर येत नाही.

कंपनीच्या वेबसाइटवर सर्व्हिसच्या पानात रिकॉलचा रकाना होता. नंबर टाकला आणि उत्तर आलं की गाडी पात्र आहे. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. मेसेजमधल्या लिंकवर मी बोट लावलं नाही, वेबसाइटचं नाव स्वतः टाइप केलं. गाडीच्या नावानं लोकांना फसवणारे फोनही येतात. रिकॉलच्या कामाला ओटीपी लागत नाही, आगाऊ पैसे लागत नाहीत, बँकेचा नंबर लागत नाही. चेसिस नंबर, गाडीचा नंबर आणि बोलावण्यासाठी मोबाइल नंबर, बस.

मग सुरू झाली खरी अडचण. तालुक्याला, दारव्ह्याला, छोटं अधिकृत सर्व्हिस सेंटर आहे. तिथला पोरगा म्हणाला, "काका, तुमच्या फ्री सर्व्हिसा संपल्या. वॉरंटीबी संपली. आता पैसे लागन." बरेच जण इथूनच माघारी फिरतात. फ्री सर्व्हिस हा विक्रीच्या वेळचा करार, ठराविक किलोमीटरला कूपन फाडायचं. वॉरंटी म्हणजे ठरलेल्या मुदतीत पार्ट बिघडला तर कंपनी बघेल. रिकॉल या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. पार्ट बनवतानाच चुकला हे कंपनीनं मान्य केलेलं असतं. त्यामुळे वॉरंटी संपली, मधल्या सर्व्हिसा बाहेर केल्या, मालक बदलला, या कशानंही काम अडत नाही. त्याच्यासमोर वेबसाइटचं पान उघडलं तेव्हा त्यानं मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, रिकॉलचे पार्ट मुख्य डीलरकडे येतात, यवतमाळला जा.

दारव्ह्याहून यवतमाळ चाळीसेक किलोमीटर, आणि आमचं गाव दारव्ह्याच्याही आत. पार्ट आहे की नाही हे न विचारता एवढ्या लांब गाडी घालणं, तेही हा ब्रेक घेऊन, मला पटलं नाही. म्हणून आधी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन केला, चेसिस नंबर सांगितला आणि तक्रार क्रमांक मागून घेतला. मग तो क्रमांक सांगून यवतमाळच्या डीलरशी बोललो. सर्व्हिस अॅडव्हायझर मॅडमनं सरळ सांगितलं, "दादा, पार्ट आज शिल्लक नाही. तुमच्या चेसिस नंबरवर ऑर्डर टाकते. आला की फोन करीन, मगच या." रिकॉलचा पार्ट चेसिस नंबरच्या नावानं मागवला जातो हे मला तेव्हा कळलं. ऑर्डर टाकली का, तारीख कोणती, हे विचारून लिहून घेतलं आणि दर आठवडी बाजाराच्या दिवशी आठवणीचा फोन करत राहिलो.

तोवर काय करायचं, हा प्रश्न नोटीस सोडवत नाही. काही रिकॉलमध्ये गाडी चालवूच नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं, माझ्या मेसेजमध्ये तसं नव्हतं. तरी दुधाचे कॅन मी पुतण्याच्या गाडीवर पाठवले. माझी गाडी फक्त वावरापर्यंत, रिकामी, हळू. वाटेत लिव्हर कडक झालाच तर थांबायचं, डिस्क पूर्ण थंड होऊ द्यायची, ओढत दामटायचं नाही. बाजारात मास्टर सिलेंडरचं किट स्वस्तात मिळतं आणि मेकॅनिकची ते टाकून द्यायची तयारी होती. मी नको म्हटलं. त्या किटचा दर्जा कोणी सांगू शकत नव्हतं, आणि कंपनीचा दोषी पार्ट जागेवर, न उघडलेला असला तर डीलरकडे वादाला जागा राहत नाही.

फोन आला तेव्हा सोयाबीनची सवंगणी चालू होती, तरी एक दिवस काढला. यवतमाळला पोहोचल्यावर जॉब कार्ड बनताना मी मॅडमजवळ उभाच राहिलो. त्यांनी सवयीनं जनरल सर्व्हिस, ऑइल, वॉशिंग सगळं धरलं होतं. मी म्हटलं, रिकॉलचं काम वेगळ्या ओळीत लिहा आणि त्यापुढे रक्कम शून्य टाका, बाकी जे काही निघेल ते मला विचारून. त्यांनी काही कुरकुर न करता तसं केलं. रिकॉलच्या ओळीत एक कोड पडला. तो कोड महत्त्वाचा, कारण डीलरला त्या कामाची मजुरी आणि पार्टचे पैसे कंपनीकडून त्याच कोडवर मिळतात. तो जॉब कार्डावर नसेल तर कंपनीच्या लेखी तुमचं काम झालेलंच नाही.

काम तासाभराच्या आतलं होतं. मेकॅनिकनं हँडलवरचा जुना सिलेंडर काढला, नवा बसवला, सीलबंद बाटलीतलं ब्रेक ऑइल ओतलं आणि खालच्या निप्पलमधून हवा काढली. डबीच्या झाकणावर कोणतं तेल घालायचं ते लिहिलेलं असतं, माझ्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ आहे. उघड्या बाटलीतलं तेल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून बाटली सीलबंद आहे का ते पाहिलं. तेल सांडलं की रंग खातं, म्हणून टाकीवर फडकं टाकायला सांगितलं. जुना पार्ट त्यांनी मला दाखवला, पण दिला नाही. तो कंपनीकडे परत जातो, आणि ते योग्यच आहे.

खटकलं ते पॅडच्या बाबतीत. सतत घासून पुढचे पॅड पार झिजले होते, डिस्कवर निळसर डाग पडले होते. हे नुकसान त्याच दोषानं झालं असं माझं म्हणणं होतं. मॅडमनी फोटो काढून वर पाठवले, उत्तर आलं की रिकॉलमध्ये फक्त मास्टर सिलेंडर आणि तेल आहे, पॅड झिजणारा पार्ट असल्यानं त्यात बसत नाही. पॅडचे पैसे मी दिले, कारण झिजलेल्या पॅडवर नवा सिलेंडर बसवून घरी यायचं नव्हतं. पण मला हे अजूनही न्याय्य वाटत नाही. दोषी पार्टनं शेजारचा पार्ट खाल्ला असेल तर तोही त्याच हिशेबात धरायला हवा. माझं म्हणणं मी जॉब कार्डावर लिहून सही केली. डिस्क मोजून पाहिली, ती मर्यादेत होती, म्हणून तिला हात लावला नाही.

गाडी ताब्यात घेण्याआधी तिथंच लिव्हर दहा-पंधरा वेळा दाबला, पुढचं चाक उचलायला लावलं, मोकळं फिरलं. लिव्हर दाबून धरला तेव्हा तो खाली खाली सरकत गेला नाही, म्हणजे गळती नाही. स्पंजासारखा मऊ लागला नाही, म्हणजे हवा राहिलेली नाही. मग मेकॅनिकला मागे बसवून दारव्हा रोडनं सहा-सात किलोमीटरचा फेरा मारला आणि परत चाक फिरवून पाहिलं, कारण हा दोष तापल्यावरच दिसतो. शोरूमच्या आवारात चक्कर मारून तो कळला नसता.

बिलाची प्रत घेतली, त्यावर रिकॉलचा कोड, बदललेल्या पार्टचं नाव, तारीख आणि शून्य रुपये. आठवड्याभरानं वेबसाइटवर पुन्हा चेसिस नंबर टाकला तेव्हा काम पूर्ण झाल्याचं दिसलं. हे दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. तपासून पार्ट ठीक निघाला तरी 'तपासले' अशी नोंद जॉब कार्डावर आणि कंपनीच्या यादीत दोन्हीकडे हवी, नाहीतर पुढे गाडी विकताना घेणारा विचारेल आणि हातात काही नसेल.

डीलरनं पैसे मागितले किंवा टाळाटाळ केली तर काय, हे मला बरेच जण विचारतात. आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला लेखी कळवायचं, चेसिस नंबर, डीलरचं नाव आणि तारीख घालून. तिथं हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५, मराठीतही बोलता येतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ११०अ आलं, त्यात दोष कळल्यावर कंपनीनं केंद्र सरकारला कळवून गाड्या परत बोलावाव्यात असं आहे, आणि ठराविक परिस्थितीत सरकारही तसा आदेश देऊ शकतं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सरकारी आदेशानं होणाऱ्या रिकॉलसाठी त्यात सात वर्षांच्या आतल्या गाड्या धरल्या आहेत. पण कंपनीनं स्वतः जाहीर केलेल्या रिकॉलमध्ये कोणत्या गाड्या येतात ते तिच्या नोटिशीवरून आणि चेसिस नंबरवरूनच ठरतं, म्हणून गाडी जुनी आहे एवढ्यावरून कोणी नकार दिला तर तो मानू नका, नंबर टाकून पाहा.

आता गावात कोणी जुनी गाडी घेतली की मी आरसी मागून चेसिस नंबर वेबसाइटवर टाकून पाहतो. परवा आमच्या आशाताईंची स्कूटर यादीत निघाली, दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्याच पार्टसाठी. त्यांनी गाडी जिथून घेतली ते शोरूम बंद पडलं आहे, म्हणून त्या म्हणत होत्या, "आता कोनापाशी जाऊ, भाऊ?" त्याच कंपनीचा कोणताही अधिकृत डीलर हे काम करून देतो, विकणाराच लागत नाही. वाशिमचा डीलर त्यांना यवतमाळपेक्षा बसनं सोयीचा पडतो, कारण बहीण तिथं राहते. फोन करून चेसिस नंबर दिला, पार्ट शिल्लक होता, सोमवारची वेळ मिळाली.